ब्रॅकेट उभा नको, कुशीवर झोपवा!

थ्रीडी प्रिंटरमधून निघालेला कुठलाही भाग हातात घ्या आणि त्याच्या उभ्या बाजूवरून नख फिरवा. बारीक करकर ऐकू येईल. नखाला लागतात त्या रेषा म्हणजे एकावर एक बसलेले प्लॅस्टिकचे थर. आता तोच भाग त्या रेषांच्या आडव्या दिशेने दोन्ही हातांनी वाकवा. बऱ्याचदा ‘टक्’ आवाज होतो आणि भाग अगदी सुरीने कापल्यासारखा दोन तुकड्यांत हातात येतो. रेषांच्या लांबीच्या दिशेने तेवढ्याच जोरात ओढून बघा, काही होत नाही.

प्लॅस्टिक तेच, मशिन तेच, फाईलसुद्धा तीच. बदलली ती एकच गोष्ट, प्रिंट करताना तो भाग बेडवर कसा ठेवला होता ती. डिझाइन करायला आपण दोन संध्याकाळी घालवतो आणि भाग बेडवर कसा ठेवायचा हे दोन सेकंदांत ठरवून मोकळे होतो. खरं तर स्लायसर उघडल्यावर जसा दिसतो तसाच राहू देतो. भाग फक्त शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर चालून जातं. पण त्याच्यावर वजन येणार असेल, तर याच दोन सेकंदांत त्याचं भवितव्य ठरतं.

एक साधं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून राहू. होस्टेलच्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतीवर एक छोटी फळी लावायची आहे. तिच्याखाली दोन ब्रॅकेट हवेत. ब्रॅकेट म्हणजे काय, तर भिंतीला टेकणारी ६० मिमी उंचीची पट्टी आणि तिच्या वरच्या टोकातून बाहेर आलेला ८० मिमीचा हात. रुंदी २० मिमी, जाडी सगळीकडे ५ मिमी. भिंतीच्या पट्टीला दोन स्क्रूची भोकं. फळी हातावर बसणार, फळीवर पुस्तकं. यापेक्षा सोपा भाग शोधून सापडणार नाही. तरीही तो चुकीच्या पद्धतीने प्रिंट करायचे तीन मार्ग आहेत!

थर का सुटतात?

आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये दिसणारे बहुतेक प्रिंटर फिलामेंट वितळवून छापणारे असतात. पीएलएची तार साधारण २०० ते २२० अंश सेल्सिअसला वितळते, ०.४ मिमीच्या नोझलमधून बाहेर येते आणि खालच्या थरावर रेघ ओढत जाते. एक थर साधारण ०.२ मिमी जाडीचा. एका थरातली एक रेघ म्हणजे सलग प्लॅस्टिक. तिच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर ती तोडायला प्लॅस्टिकच तोडावं लागतं.

दोन थरांमधला जोड मात्र वेगळा असतो. वरची रेघ गरम आहे, पण खालची एव्हाना निवलेली आहे. दोन्ही एकजीव व्हायचे तर त्यांच्यातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतायला हव्यात. पीएलए सुमारे ६० अंशांच्या खाली गेलं की ही हालचाल थांबते. वरून पंखा सुरूच असतो. म्हणजे गुंतायला मिळतो अगदी थोडा वेळ. त्यात रेघेचा काप चपटा-गोलसर असल्याने दोन थरांच्या मध्ये बाहेरून एक बारीक खाच राहते. नखाला लागते ती हीच. भाग ताणला गेला की चीर इथूनच सुरू होते.

चिरोटा आठवा. वरून दाबला तर पापुद्रे दबतात, पण जागचे हलत नाहीत. बोटांनी पापुद्रे ओढले की एकेक अलगद सुटतो. प्रिंट केलेल्या भागाचंही तसंच आहे. दाबाला थर घाबरत नाहीत, दाबाने ते उलट एकमेकांवर घट्ट बसतात. त्यांना ओढून वेगळं करणारा ताण मात्र सोसत नाही. चुलीसाठी लाकूड फोडणारा माणूसही हेच ओळखून असतो. रेषेच्या दिशेने कुऱ्हाड एका घावात आरपार जाते, आडवं तोडायला मात्र घाम निघतो.

आकड्यांत सांगायचं तर चांगलं छापलेलं पीएलए रेघांच्या दिशेने साधारण ५० मेगापास्कलचा ताण सोसतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे ५० न्यूटन. थरांच्या आडव्या दिशेने हाच आकडा निम्म्यावरसुद्धा येतो. तापमान, पंखा आणि फिलामेंट नीट जमलं असेल तर पाऊण पटीपर्यंत राहतो. म्हणजे २५ ते ३७ च्या मध्ये कुठेतरी. तो नेमका किती हे प्रत्येक मशिनचं वेगळं असतं, आणि खरी अडचण तीच आहे. रेघांच्या दिशेतल्या ताकदीवर आपण बऱ्यापैकी विसंबू शकतो, थरांच्या जोडावर तेवढं नाही.

ब्रॅकेटवर नेमकं काय येतं?

समजा फळी आणि पुस्तकं मिळून १२ किलो. दोन ब्रॅकेट, म्हणजे एकाच्या वाट्याला ६ किलो, म्हणजेच साधारण ६० न्यूटन. पुस्तकं फळीभर सारखी पसरली असतील तर हे वजन हाताच्या मधोमध, पट्टीपासून ४० मिमीवर आहे असं धरता येतं. ६० गुणिले ४०, म्हणजे हाताच्या मुळाशी २४०० न्यूटन-मिलिमीटरचं वाकवणारं बल.

हे बल सोसणारा काप २० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड आहे. आयताकृती कापासाठी ‘रुंदी × जाडी × जाडी ÷ ६’ हे सूत्र पहिल्याच वर्षी शिकवतात. उत्तर येतं साधारण ८३. २४०० ला ८३ ने भागलं की सुमारे २९ मेगापास्कल. हाताच्या वरच्या पृष्ठभागावर, अगदी मुळाशी, एवढा ताण येतो. खालच्या पृष्ठभागावर तेवढाच दाब येतो, पण दाबाची काळजी नाही हे आपण पाहिलंच.

आता २९ हा आकडा वरच्या दोन आकड्यांशेजारी ठेवून बघा. रेघांच्या दिशेने ५० सोसण्याची ताकद आहे, तिथे २९ चालतील. थरांच्या आडव्या दिशेने २५ ते ३७, तिथे २९ म्हणजे जुगार. एका मशिनवर छापलेला ब्रॅकेट टिकेल, दुसऱ्या मशिनवरचा पहिल्याच आठवड्यात पुस्तकांसकट खाली येईल. आणि फळी डोक्याजवळ लावली असेल, तर खाली नेमकं काय असेल हे सांगायला नको.

हातावर तर ताण येतोच, भिंतीची पट्टीसुद्धा सुटत नाही. वजनामुळे ब्रॅकेटचा वरचा भाग भिंतीपासून सुटू पाहतो. वरचा स्क्रू त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत हाताच्या खालपासून वरच्या स्क्रूपर्यंतची पट्टी वाकते आणि तिची भिंतीकडची बाजू ताणली जाते. वाकवणारं बल तेच, जाडीही तीच, म्हणून ताणही जवळपास तेवढाच. म्हणजे या ब्रॅकेटमध्ये ताणाच्या दोन दिशा आहेत. हातात ताण आडवा, भिंतीपासून बाहेर जाणारा. पट्टीत ताण उभा, वर-खाली. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

चार पद्धतींनी ठेवून बघू

पहिली पद्धत, जसा काढला तसा. पट्टी उभी, हात वरच्या टोकाला हवेत. प्रिंटर हवेत छापू शकत नाही, त्यामुळे हाताखाली सपोर्ट उभे करावे लागणार. हाताखालची जागा ८० गुणिले २० गुणिले ५५ मिमी, म्हणजे ८८ घन सेंटिमीटर. आपला अख्खा ब्रॅकेट भरीव धरला तरी १४ घन सेंटिमीटरचा. साधे सपोर्ट साधारण १५ टक्के भरलेले धरले, तर त्यांनाच १३ घन सेंटिमीटर प्लॅस्टिक लागेल. म्हणजे जेवढा ब्रॅकेट, जवळपास तेवढाच कचरा! वर तो खरवडून काढायचा, आणि हाताची खालची बाजू खडबडीत राहणार ती वेगळीच. झाडासारखे फांद्या फुटणारे सपोर्ट घेतले तर प्लॅस्टिक वाचतं, खडबडीतपणा राहतोच. एवढं करून ताकदीचं काय? थर बेडला समांतर, म्हणजे आडवे. हातातला ताणही आडवा, तो रेघांच्या दिशेने जातो, उत्तम. पण पट्टीतला ताण उभा आहे आणि तो थेट थरांना एकमेकांपासून ओढतो.

दुसरी पद्धत, उलटा. हाताची वरची बाजू बेडवर, पट्टी आकाशाकडे. सपोर्ट एकदम शून्य. स्लायसरमध्ये अंदाजे वेळ झटकन खाली येतो आणि आपण खूश होतो. पण थांबा. ब्रॅकेट उलटा केला तरी थर पहिल्यासारखेच आडवे राहिले. पट्टीतला ताण अजूनही त्यांना ओढूनच वेगळं करतोय. उलटापालट केल्याने सपोर्ट बदलतात, ताकदीत फरक पडत नाही. वस्तू कुठल्या अक्षाभोवती फिरवली आणि त्यामुळे थरांची पातळी बदलली का, हे बघायला हवं. या ब्रॅकेटची चीर कुठे पडते, तर पट्टीच्या भिंतीकडच्या बाजूला. म्हणजे ती तुम्हाला दिसणारच नाही. ब्रॅकेटचं वरचं टोक आणि भिंत यांच्यात कागद सरकेल एवढी फट दिसू लागली, तर फळी रिकामी करा. ती फट हाच इशारा.

तिसरी पद्धत, पाठीवर. भिंतीला टेकणारी बाजू बेडवर सपाट आणि हात मनोऱ्यासारखा सरळ वर. ही पद्धत दिसायला सगळ्यात व्यवस्थित. मोठा सपाट पाया, सपोर्ट नाही, स्क्रूची भोकंसुद्धा उभी असल्यामुळे मस्त गोल येतात. ताकदीला मात्र हीच सगळ्यात वाईट. पट्टी आता बेडवर झोपलेली आहे, तिचं भलं झालं. पण हाताचे थर त्याच्या लांबीवर आडवे पडले. मुळाशी येणारा २९ मेगापास्कलचा ताण सरळ थरांच्या जोडावर. शिवाय २० गुणिले ५ मिमीचा बारीक मनोरा छापताना प्रत्येक थर काही सेकंदांत संपतो, मनोरा वर जाईल तसा नोझलच्या धक्क्याने डुलतो, आणि डुलणाऱ्या थरावर पुढचा थर नीट बसत नाही.

चौथी पद्धत, कुशीवर. ब्रॅकेटची बाजू, म्हणजे कागदावर काढतो तो काटकोनी आकार, बेडवर. उंची फक्त २० मिमी. आता प्रत्येक थर म्हणजे एक पूर्ण काटकोन. नोझल पट्टीतून येतं, कोपऱ्यावर वळतं आणि न थांबता हातात जातं. हातातला ताण थरातच, पट्टीतला ताणही थरातच. थरांना ओढून वेगळं करेल अशी दिशाच उरली नाही. आणि हाताखाली हवा नाही, त्यामुळे सपोर्टही नाहीत.

थरांचा हिशोब बघा. पहिल्या दोन पद्धतींत ६० मिमी उंची, म्हणजे ३०० थर. पाठीवर ठेवला तर ८५ मिमी, म्हणजे ४२५. कुशीवर फक्त १००. थर कमी म्हणजे वेळ त्याच प्रमाणात कमी असं नसतं, कारण प्रत्येक थर मोठा असतो. पण प्रत्येक थराला वर सरकण्यात आणि इकडून तिकडे जाण्यात जाणारा वेळ नक्की वाचतो. लॅबमध्ये प्रिंटरसाठी नंबर लावून बसलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

स्लायसरला वजन दिसत नाही

मग हे काम सॉफ्टवेअरवर का सोडू नये? Bambu Studio आणि OrcaSlicer मध्ये Auto orient असं बटण आहेच. ते कामाचंही आहे. अधांतरी भाग किती, बेडला टेकणारी जागा किती, उंची किती, असा हिशोब ते करतं. आपल्या ब्रॅकेटची उलटी पद्धत या हिशोबात छान बसते. सपोर्ट शून्य, बेडवर १७०० चौरस मिमीचा पाया. कुशीवर ठेवलेल्याचा पाया ७०० चौरस मिमी. पण या ब्रॅकेटवर पुस्तकं बसणार आहेत, त्याचा स्क्रू कुठे आहे, वजन कुठून ओढणार आहे, हे त्या बटणाला कुणी सांगितलं? फाईलमध्ये फक्त आकार असतो. वजन तुमच्या डोक्यात असतं.

म्हणून बटण दाबण्याआधी हातात पेन्सिल घ्या. ब्रॅकेटचं बाजूने दिसणारं चित्र काढा. वजनाचा बाण काढा, धरून ठेवणारे स्क्रू दाखवा. मग स्वतःला विचारा, हे तुटलंच तर चीर कुठून कुठे जाईल? ती रेघ चित्रावर मारा. आपल्या ब्रॅकेटमध्ये अशा दोन रेघा येतात, एक हाताच्या मुळाशी उभी, दुसरी हाताच्या खाली पट्टीतून आडवी. आता नियम एकच. थरांची पातळी यातल्या कुठल्याही रेघेवर पडता कामा नये. कागदाची पातळी दोन्ही रेघांना छेदून जाते, म्हणून ब्रॅकेट कागदावर जसा पडलाय तसाच बेडवर ठेवायचा.

मग स्लायसरमध्ये या. PrusaSlicer मध्ये Place on face निवडून हवी ती बाजू दाखवली की भाग त्या बाजूवर बसतो. बाकीच्या स्लायसरमध्येही असं साधन असतंच. स्लाइस झाल्यावर Preview मध्ये बाजूची पट्टी सरकवून मधला एखादा थर बघा आणि रेघा डोळ्यांनी फॉलो करा. कोपऱ्याशी त्या वळून पुढे जातायत का? जात असतील तर जमलं.

भोकांचं काय करायचं?

कुशीवर ठेवल्यावर एक अडचण नक्की येते. स्क्रूची भोकं आता आडवी झाली. त्यांचं छत हवेत छापलं जाणार. स्लायसर लगेच तिथे सपोर्ट सुचवेल आणि मग ४.५ मिमीच्या भोकातून प्लॅस्टिक टोकरत बसायचं काम तुम्हाला लागेल.

इथे ४५ अंशांचा नियम कळला पाहिजे. ०.२ मिमीचा थर ४५ अंशांत पुढे झुकला, तर खालच्या थरापेक्षा ०.२ मिमी बाहेर येतो. रेघेची रुंदी साधारण ०.४५ मिमी, म्हणजे निम्म्याहून जास्त रेघ अजून खालच्या थरावर टेकलेली आहे. तेवढ्यावर ती तगते. उतार याहून सपाट झाला की रेघेला टेकायला जागा उरत नाही आणि ती लोंबते. गोल भोकाच्या माथ्यावर नेमकं हेच होतं. बाजूंना कमान उभी असते, माथ्याशी एकदम सपाट.

चार-पाच मिलिमीटरच्या भोकाला मात्र याचा फार त्रास होत नाही. माथा किंचित खाली येतो, ड्रिलबिट हातानेच फिरवला की भोक साफ होतं. तेही नको असेल तर डिझाइनमध्येच भोकाला थेंबाचा आकार द्या. खाली गोल, वर ४५ अंशांच्या दोन तिरक्या बाजू एका टोकाला भेटलेल्या. हा आकार सपोर्टशिवाय स्वच्छ छापला जातो आणि स्क्रूला काही फरक पडत नाही. टोक मात्र प्रिंटच्या वेळी वर असलं पाहिजे, भिंतीवर लावल्यावर वर असून उपयोग नाही. ही गल्लत फार होते.

यातून एक सवय लागते. भाग वाचवणारी पद्धत आधी ठरवायची, आणि मग तिच्यात सपोर्ट मागणारी जागा उरलीच तर ती डिझाइनमध्ये दुरुस्त करायची. सपोर्ट वाचवण्यासाठी ताकद विकायची नाही.

कुशीवर ठेवलं, तरी एवढं पुरेसं नाही

आता आपल्या २९ मेगापास्कलकडे परत येऊ. कुशीवर छापलेल्या ब्रॅकेटची ताकद ५०, ताण २९. चांगलं वाटतं ना? पण कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा हळूच न ठेवता एकदम सोडून दिला तर? भार अचानक पूर्णपणे आला की ताण स्थिर भाराच्या दुपटीपर्यंत जातो. २९ चे ५८ झाले, आणि ५० संपले. भाग कितीही छान झोपवला तरी मुळातच बारीक असेल तर तो तुटणारच.

उपाय स्वस्त आहे. जाडी ५ ची ८ मिमी करा. सूत्रात जाडीचा वर्ग आहे, त्यामुळे ८३ चे एकदम २१३ होतात आणि ताण २९ वरून ११ वर येतो. अचानक भार आला तरी २२-२३. वजनात फरक किती? भरीव धरलं तर १७ ग्रॅमचा ब्रॅकेट २८ ग्रॅमचा झाला. दोन्ही ब्रॅकेट मिळून २२ ग्रॅम जास्त.

गंमत बघा, हाच ८ मिमीचा ब्रॅकेट पाठीवर छापला तर अचानक येणारे २२-२३ मेगापास्कल पुन्हा त्या २५ च्या दारात जाऊन उभे राहतात. म्हणजे जाडी वाढवून चुकीची पद्धत फक्त झाकली जाते.

प्लॅस्टिक पूर्ण भरीव भरायचीही गरज नाही. वाकताना सगळा ताण बाहेरच्या पृष्ठभागांवर असतो. कुशीवर ठेवल्यामुळे हे पृष्ठभाग स्लायसरच्या भाषेत भिंती झाल्या आहेत. प्रत्येक बाजूने चार भिंती दिल्या तर ०.४५ मिमीच्या हिशोबाने १.८ मिमीचं भरीव कवच मिळतं. ८ मिमी जाडीत वाकण्याला होणाऱ्या विरोधापैकी ८० टक्क्यांहून जास्त वाटा हे कवचच उचलतं. आतली जाळी २० टक्के असो की ४०, फरक किरकोळ. आपण सवयीने जाळीचा आकडा वाढवत बसतो, तिथे भिंतींचा आकडा वाढवा.

कुशीवर ठेवण्याचा आणखी एक फायदा फुकट मिळतो. कागदावर बाजूने जे काढाल ते सपोर्टशिवाय छापलं जातं. आतल्या कोपऱ्यात १२ मिमीचा तिरका भराव द्या, हाताचं टोक निमुळतं करा, काहीही करा. प्रिंटरला ते सगळं सपाट चित्रच वाटतं. भराव दिला की हाताचा कमजोर भाग कोपऱ्यापासून बाहेर सरकतो, जिथे वजनाचं अंतर कमी आणि ताणही कमी. फक्त वरचा स्क्रू भरावाच्या खाली, स्क्रू-ड्रायव्हर सरळ जाईल अशा जागी ठेवा.

एका गोष्टीपुढे मात्र झोपवणं आणि जाडी दोन्ही हरतात, ती म्हणजे उष्णता आणि वेळ. पीएलएवर सतत वजन ठेवलं की ते महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतं, आणि ६० अंशांच्या आसपास तर मऊच पडतं. बंद खोलीत, उन्हाच्या खिडकीशेजारी मे महिन्यात ही मर्यादा फार दूर नसते. कायम वजन सोसणाऱ्या ब्रॅकेटसाठी पीईटीजी बरं. ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं आणि त्याचे थरही एकमेकांना जास्त चांगले धरतात.

दोन्ही दिशा जमत नसतील तेव्हा

समजा आता तुम्हाला वाटलं की ब्रॅकेटच्या बाजूला किल्ल्या अडकवायला एक छोटी खुंटी हवी. हाताच्या बाजूने बाहेर आलेली, ६ मिमी जाडीची. कुशीवर ठेवलेल्या ब्रॅकेटवर ही खुंटी सरळ वर येते, सपोर्ट लागत नाही, प्रिंट सुरेख निघतो. आणि पहिल्यांदा बॅग अडकवली की खुंटी मुळाशी मोडते. कारण उघड आहे, खुंटीचे थर तिच्या लांबीवर आडवे पडले. हातासाठी बरोबर असलेली पद्धत खुंटीसाठी नेमकी चुकीची ठरली.

अशा वेळी काही जण भाग ४५ अंशांत तिरका ठेवतात. त्याने दोन्ही ठिकाणी थोडी-थोडी कमजोरी वाटली जाते, सपोर्ट मात्र भरपूर लागतात. त्यापेक्षा भागाचेच दोन भाग करा. ब्रॅकेटमध्ये चौकोनी भोक ठेवा. खुंटी वेगळी, आडवी झोपवून छापा. तिची एक बाजू सपाट ठेवली तर ती बेडवर गडगडणार नाही आणि सपोर्टही लागणार नाही. भोक खुंटीपेक्षा प्रत्येक बाजूने साधारण ०.१ ते ०.२ मिमी मोठं ठेवा आणि गोंदाचा थेंब टाकून बसवा. किंवा खुंटी छापूच नका. गोल भोकात हार्डवेअरच्या दुकानातला ६ मिमीचा बोल्ट घाला. स्टीलला थर नसतात!

तुटलेला तुकडा फेकू नका

एवढं करूनही एखादा भाग तुटेल. तेव्हा तुटलेली जागा उजेडात धरून बघा. पृष्ठभाग सपाट, तुकतुकीत आणि त्यावर नोझलच्या रेघांची नक्षी जशीच्या तशी दिसत असेल, तर थर सुटलेत. प्लॅस्टिक तुटलंच नाही, जोड उघडला. मग आधी ठेवण्याची पद्धत तपासा. ती बरोबर असेल तर नोझलचं तापमान ५-१० अंशांनी वाढवा, पंखा कमी करा, फिलामेंट दमट झालंय का बघा. पण तुटलेली जागा वेडीवाकडी, ओढल्यासारखी, तंतू निघालेली आणि पांढरट पडलेली असेल, तर थरांनी त्यांचं काम केलं आणि शेवटी प्लॅस्टिकच हरलं. तिथे फिरवाफिरवी करून उपयोग नाही, जाडी वाढवा किंवा डिझाइन बदला.

फरक स्वतःच्या हाताने बघायचा असेल तर ८० मिमी लांब, १० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड अशा दोन पट्ट्या छापा. एक बेडवर आडवी. दुसरी उभी, पायाशी ब्रिम देऊन, म्हणजे ती मध्येच आडवी होणार नाही. दोन्ही हातांनी मोडा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. उभी पट्टी कुठे मोडली आणि आडवीला किती जोर लागला, हे मनगटाला बरोबर कळतं. मोडलेले तुकडे लॅबमध्ये प्रिंटरशेजारी ठेवून द्या. तुमच्यानंतर नंबर असलेला मुलगा किंवा मुलगी स्लाइस दाबण्याआधी ते उचलून बघेल.